भरती, प्रशिक्षण, मूल्यमापन: काजूच्या कारखान्यातून उभा केलेला तक्ता आणि त्यावरचे परीक्षेतले प्रश्न

मानव संसाधन व्यवस्थापनाच्या पेपरात भरती, प्रशिक्षण आणि कार्यमूल्यमापन हा भाग मुलांना सगळ्यात लांबलचक वाटतो, कारण पुस्तकात तो याद्यांच्या रूपात येतो. भरतीचे अंतर्गत स्रोत, बाह्य स्रोत, निवडीच्या पायऱ्या, प्रशिक्षणाच्या पद्धती, मूल्यमापनाच्या जुन्या पद्धती, मग नव्या पद्धती. प्रत्येक यादीत सहा-आठ नावं असतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ती सगळी एकमेकांत मिसळतात. खरे मार्क ठरवणारे प्रश्न मात्र दोन टप्प्यांच्या सांध्यावर येतात. भरती आणि निवड यांत फरक काय, प्रशिक्षणाची गरज कशी ओळखायची, मूल्यमापनाच्या निकालाचं पुढे काय करायचं, अशा प्रकारचे.

म्हणून तक्ता काढताना मी विद्यार्थ्यांना एकच नियम पाळायला सांगते. चौकटीत टप्प्याचं नाव लिहायचं आणि त्या टप्प्यातून हातात काय पडतं ते शेजारी लिहायचं. तेच पुढच्या टप्प्याचा कच्चा माल असतं. हे एकदा जमलं की टप्पे मागेपुढे होत नाहीत, कारण आधीचा कागद हातात आल्याशिवाय पुढचं काम सुरूच होत नाही.

```
मनुष्यबळ नियोजन     → किती माणसं कमी
      ↓
कार्य विश्लेषण       → कार्य वर्णन, कार्य तपशील
      ↓
भरती                → अर्ज
      ↓
निवड                → नेमणूकपत्र
      ↓
परिचय, प्रशिक्षण     → कामाला तयार माणूस
      ↓
कार्यमूल्यमापन       → मूल्यमापन अहवाल
      ↓
अभिप्राय
  ├ काम येत नाही      → परत प्रशिक्षणाकडे
  ├ येतं, पण होत नाही → साधनं, वेतन, परिस्थिती तपासा
  ├ जागा चुकली       → बदली; निवडीचे निकष तपासा
  └ चांगलं होतं       → बढती; जागा रिकामी, परत नियोजनाकडे
```

बहुतेकांच्या वहीतला तक्ता मूल्यमापनाच्या चौकटीशी थांबतो. खालचे चार फाटे नसले तर तो तक्ता अर्धाच आहे, आणि मोठ्या प्रश्नाचे निम्मे मार्क त्या चार फाट्यांत असतात. ते कुठून येतात हे नीट कळावं म्हणून आपण एका कामाच्या मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ.

वेंगुर्ला-कुडाळ पट्ट्यात काजूचे लहान-मोठे कारखाने आहेत. तसाच एक कारखाना डोळ्यांसमोर आणा. कारखाना कल्पित आहे आणि आकडे हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत, काम मात्र खरं आहे. काजूची बी वाफेवर शिजवली जाते, थंड झाली की यंत्रावर फोडली जाते, आतला गर बोर्म्यात म्हणजे गरम हवेच्या कपाटात वाळवला जातो. वाळला की त्याची तांबूस साल सैल होते, ती बायका बसून हाताने किंवा लहान सुरीने काढतात. त्यानंतर आकार आणि रंग पाहून प्रतवारी होते. डब्ल्यू-320 असं डब्यावर लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एका पौंडात 300 ते 320 अख्खे गर बसतात. गर मोडला की त्याची पाकळी किंवा तुकडा होतो आणि भाव खाली येतो. आपण फक्त साल काढणाऱ्या बायकांचं काम घेऊ, कारण तिथेच सगळ्यात जास्त हात लागतात.

पहिली चौकट मनुष्यबळ नियोजनाची. समजा दिवसाला 240 किलो गर सोलायचा आहे आणि सवयीची बाई दिवसाला सरासरी 8 किलो सोलते. म्हणजे रोज 30 जणी हजर हव्यात. पण रोज सगळ्या येत नाहीत. शेतीची कामं, घरचं आजारपण, शिमगा, जत्रा, सगळं धरून दहा टक्के गैरहजेरी मानली तर पटावर 34 जणी लागतील, कारण 30 ला 0.9 ने भागलं की 33 पेक्षा थोडं जास्त येतं. सध्या पटावर 26 आहेत आणि त्यातल्या दोघी सोडून जाणार आहेत. उरल्या 24, कमी पडतात 10. 'मनुष्यबळ नियोजनाची प्रक्रिया स्पष्ट करा' या प्रश्नात मागणीचा अंदाज, पुरवठ्याचा अंदाज आणि दोहोंतली तफावत असे तीन मुद्दे लिहायचे असतात. हे छोटं गणित मांडलंत तर तिन्ही मुद्दे आपोआप येतात. गैरहजेरीचा हिशेब बहुतेक उत्तरांत नसतो, म्हणून तो आवर्जून लिहा.

दुसरी चौकट कार्य विश्लेषणाची, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा कणा हीच आहे. यातून दोन कागद निघतात. कार्य वर्णन कामाबद्दल बोलतं: बोर्म्यातून आलेला गर साल काढून द्यायचा, अख्खा गर आणि मोडलेला गर वेगळा ठेवायचा, साल चिकटलेले गर परत वाळवायला बाजूला काढायचे, सुपरवायझरकडे वजन करून द्यायचं. कार्य तपशील माणसाबद्दल बोलतो: जवळची नजर चांगली हवी, बोटं हलकी आणि चपळ हवीत, सलग काही तास बसता यायला हवं, नखं कापलेली आणि हात स्वच्छ हवेत. शिक्षणाची अट काय, असा प्रश्न इथे येतो. वजनाची चिठ्ठी वाचता आली तर पुरे. कुणी सवयीने 'किमान दहावी पास' असं लिहिलं तर काय होईल? वीस वर्षं सोलणी केलेली बाई अर्जच करणार नाही. कार्य तपशिलात घातलेली प्रत्येक अट भरतीची चाळणी आणखी बारीक करते, म्हणून ती कामातूनच निघायला हवी. 'कार्य वर्णन आणि कार्य तपशील यांतील फरक' हा अगदी नेहमीचा प्रश्न आहे. एकाच कामाचे हे दोन कागद शेजारी शेजारी लिहून दाखवले की परीक्षकाला वेगळं काही समजवावं लागत नाही.

आता भरती. एडविन फ्लिपो यांची व्याख्या जवळपास सगळ्या पुस्तकांत आहे. तिचा मथितार्थ असा, की भरती म्हणजे होतकरू उमेदवार शोधणं आणि त्यांना अर्ज करायला प्रवृत्त करणं. यात कुणाला नाकारणं कुठेच येत नाही, म्हणून भरतीला सकारात्मक प्रक्रिया म्हणतात. आपल्या कारखान्याला दहा बायका हव्यात. सध्या कामाला असलेल्या बायकांनी वाडीतल्या ओळखीच्या बायकांना सांगणं हा सगळ्यात स्वस्त आणि जलद मार्ग आहे. बचत गटाच्या बैठकीत निरोप देता येतो, ग्रामपंचायतीच्या फलकावर कागद लावता येतो, स्थानिक वर्तमानपत्रात छोटी जाहिरात देता येते. ओळखीतून आलेली बाई टिकते, कारण काम कसं आहे ते तिला आधीच कळलेलं असतं. त्याची दुसरी बाजूही लिहायला हवी. दहाच्या दहा एकाच वाडीतून घेतल्या तर तिथल्या एका लग्नाला अख्खी फळी एकदम रिकामी होते. स्रोतांचे फायदे-तोटे विचारले की असं कारण द्यावं. नुसतं 'वशिलेबाजीची शक्यता' एवढं लिहून मार्क मिळत नाहीत.

किती जणींपर्यंत निरोप पोचवायचा हे उलटीकडून मोजतात. मागच्या वेळी 40 जणी चौकशीला आल्या, 24 चाचणीला बसल्या, 14 निवडल्या आणि 10 प्रत्यक्ष रुजू झाल्या, असं धरा. म्हणजे रुजू होणाऱ्या एकीमागे चार चौकश्या. याला उत्पन्न गुणोत्तर म्हणतात. यातली सगळ्यात मोठी गळती कुठे आहे ते पाहिलं तर सुधारणा कुठे करायची ते कळतं. इथे 40 मधल्या 16 जणी चाचणीपर्यंतही आल्या नाहीत. त्याचं कारण बहुधा एसटीची वेळ किंवा कामाचे तास असेल. ते निरोपातच स्पष्ट सांगितलं असतं तर फुकट गेलेली चौकशी वाचली असती.

चाळीस जणी दारात आल्या की भरती संपली. इथून निवड सुरू होते, आणि ती नाकारत जाते म्हणून तिला नकारात्मक म्हणतात. पुस्तकातल्या पायऱ्या अर्ज, छाननी, चाचणी, मुलाखत, संदर्भ तपासणी, वैद्यकीय तपासणी, नेमणूकपत्र अशा क्रमाने येतात. त्या पाठ करा, पण प्रत्येक कामासाठी सगळ्या पायऱ्या सारख्याच वजनाच्या असतात असं लिहू नका. सोलणीच्या कामाला मुलाखतीतून काय कळणार? बाईपुढे अर्धा किलो वाळलेला गर ठेवायचा, एक तास द्यायचा आणि शेवटी दोन वजनं करायची: किती सोलला आणि त्यात किती मोडला. याला कार्यनमुना चाचणी म्हणतात. कामाचाच एक तुकडा करून घेतल्यामुळे ती पुढच्या कामगिरीचा अंदाज सरळ देते. मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. जिने कधीच गर सोलला नाही ती या चाचणीत मागे पडेल, पण तिची बोटं चपळ असतील तर महिनाभरात ती पुढे जाईल. म्हणून नवशिक्यांसाठी आधी दहा मिनिटं दाखवून मग चाचणी घेणं न्याय्य ठरतं.

निवड झाली की कामाची ओळख आणि प्रशिक्षण. ओळखीच्या दिवशी बी फोडण्याच्या विभागातून नेताना सांगावं लागतं की टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, तिथे उघडा हात घालायचा नाही. हे सांगायला पाच मिनिटं लागतात आणि न सांगितल्याची किंमत मोठी असते.

प्रशिक्षणाच्या पद्धतींचे दोन गट आहेत, कामावर असताना आणि कामापासून दूर. नवीन बाईला थेट चालू फळीवर जुन्या बाईशेजारी बसवणं हा पहिला गट. खर्च नाही, वातावरण खरं आहे. पण इथे मजुरी किलोवर असते. शिकवत बसलेल्या जुन्या बाईची स्वतःची कमाई बुडते, म्हणून ती पटकन दाखवते आणि आपल्या कामाला लागते. नवीन बाई बघून बघून शिकते, आणि ती चुकली तर चांगला गर मोडतो. त्यापेक्षा फळीपासून बाजूला एक टेबल मांडायचं, तोच गर, तीच सुरी, तसाच उजेड, पण दराचं ओझं नाही आणि शिकवणाऱ्या बाईला त्या दिवसांची ठरावीक मजुरी द्यायची. पुस्तकात ज्याला व्हेस्टिब्यूल प्रशिक्षण म्हणतात ते हेच. ही पद्धत कुणी निवडावी याचं उत्तर इथे आपोआप मिळतं: जिथे चूक महाग आहे आणि चालू कामाचा वेग शिकण्याच्या आड येतो तिथे. शिकाऊ उमेदवारी वेगळी, तीत काम आणि शिक्षण ठरावीक मुदतीसाठी एकत्र चालतं आणि तिच्यासाठी भारतात 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे.

प्रशिक्षण उपयोगी पडलं की नाही हे कसं ओळखायचं? डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 साली मांडलेल्या चार पातळ्या यासाठी सांगतात. आवडलं का, शिकल्या का, कामावर तसं करतात का आणि कारखान्याला फरक पडला का. उत्तरात नुसती चार नावं लिहून मुलं पुढे जातात. आपल्या टेबलावर ती अशी दिसतील: पहिल्या आठवड्याअखेर बायका काय म्हणतात ही पहिली पातळी. टेबलावरची चाचणी परत घेतली आणि मोड कमी झाली तर दुसरी. तीन आठवड्यांनी चालू फळीवर, वेगाच्या दडपणाखाली, मोड तेवढीच कमी राहिली तर तिसरी. महिन्याच्या एकूण मालात अख्ख्या गराचं प्रमाण वाढलं तर चौथी. दुसरीत पास आणि तिसरीत नापास होणं फार सर्रास घडतं. टेबलावर सांभाळून सोलणारी बाई फळीवर आली की शेजारणीच्या वेगाशी स्पर्धा करते आणि गर मोडते. तिला काम येतं, तरी ते होत नाही. ही खूण लक्षात ठेवा, कारण तक्त्यातला दुसरा फाटा इथूनच फुटतो.

आता कार्यमूल्यमापन. इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारखान्यातही आणि उत्तरपत्रिकेतही.

आधी मानक ठरवायचं, मग मोजायचं. दोन बायका घ्या. पहिली दिवसाला 9 किलो सोलते आणि त्यातले 6 टक्के मोडतात. दुसरी 7 किलो सोलते आणि 2 टक्के मोडतात. सुपरवायझरला विचारलं तर ती दुसरीबद्दल सांगेल, "तिचो हात हलको आसा." चांगली कोण? अख्ख्या गराला किलोला 800 रुपये आणि मोडलेल्याला 500 रुपये मिळतात असं धरलं, तर पहिलीच्या हातून निघालेल्या एका किलोचे 782 रुपये होतात आणि दुसरीच्या हातच्या किलोचे 794. किलोमागे 12 रुपयांचा फरक, आणि मजुरी दोघींना किलोमागे सारखीच. ज्या वर्षी बी कमी मिळालं आहे त्या वर्षी कारखान्याला दुसरी परवडते, कारण मिळालेल्या प्रत्येक किलोतून जास्त पैसे निघतात. ज्या महिन्यात ऑर्डर अंगावर आहे आणि हात कमी आहेत त्या महिन्यात पहिली लागते. म्हणजे 'चांगली कामगिरी' आधी ठरवल्याशिवाय मोजताच येत नाही, आणि ती ठरवायची तर पुन्हा कार्य वर्णनाकडे जावं लागतं. 'मूल्यमापन प्रक्रियेच्या पायऱ्या' विचारल्या की पहिली पायरी 'मानके निश्चित करणे' का, त्याचं कारण हे आहे. त्यानंतर ती मानकं कर्मचाऱ्याला सांगणं, कामगिरी मोजणं, मानकाशी तुलना, चर्चा आणि सुधारणा, असा क्रम येतो.

पद्धतींपैकी क्रमवारी आणि जोडी तुलना या सोप्या वाटतात. जोडी तुलनेत प्रत्येकीची प्रत्येकीशी तुलना करायची असते. सूत्र n(n−1)/2 असं आहे. दहा जणींसाठी 45 तुलना होतात, ते जमेल. आपल्या पटावरच्या 34 जणींसाठी 561 होतात, आणि कुठलीही सुपरवायझर त्या प्रामाणिकपणे करू शकणार नाही. या पद्धतीची मर्यादा विचारली की हे दोन आकडे लिहा. शब्दांत मांडलेल्या मर्यादेपेक्षा ते जास्त बोलतात.

मग दोष. परीक्षेत 'मूल्यमापनातील त्रुटी' हा प्रश्न येतोच, आणि आपल्या कारखान्यात त्या सगळ्या सापडतात. एखादी बाई रोज वेळेच्या आधी हजर असते, म्हणून तिला वेग, स्वच्छता, मोड या सगळ्यांत वरचे गुण मिळतात. हा प्रभावळीचा दोष. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 साली हे दाखवलं. लष्करातल्या वरिष्ठांनी हाताखालच्या लोकांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव असे वेगवेगळे गुण दिले होते आणि ते एकमेकांशी संशय यावा इतके जुळत होते. सुपरवायझर आणि बायका एकाच गावच्या, कुणी चुलत जाऊ, कुणी भाचेसून, संध्याकाळी एकाच वाटेने घरी जाणाऱ्या. अशी सुपरवायझर पाचपैकी सगळ्यांना तीन देऊन मोकळी होते. हा मध्यवर्ती कलाचा दोष, आणि त्याचं कारण तिचा आळस नाही, वाईटपणा घ्यायची भीती आहे.

तिसरा दोष सगळ्यात नुकसान करणारा आहे. समजा मालक गणपतीच्या आधी वार्षिक मूल्यमापन उरकतो, कारण तेव्हा सगळ्यांना पैसे हातात हवे असतात. म्हणजे सुपरवायझर श्रावणात गुण देते. तिच्या डोळ्यांसमोर जुलै-ऑगस्टचे महिने असतात, आणि त्या महिन्यांत जवळपास प्रत्येकीची मोड वाढलेली असते. हा नजीकच्या काळाचा दोष, वर्षभराच्या कामावर शेवटच्या काही आठवड्यांची छाप पडते. पण मोड का वाढली? पावसाळ्यात हवा दमट असते. बोर्म्यातून कोरडा निघालेला गर उघडा राहिला की परत ओल धरतो, साल घट्ट चिकटते, सुरीने खरवडावं लागतं आणि गर चिरतो. ही चूक बायकांची नाही. ओळखायचं कसं? मोड एका-दोघींची वाढली असेल तर कारण बहुधा त्यांच्या हातात आहे. एकाच आठवड्यात सगळ्यांची वाढली असेल तर कारण मालात, यंत्रात किंवा हवेत शोधायचं. अशा वेळी सगळ्यांना परत प्रशिक्षणाच्या टेबलावर बसवलं तर पैसे वाया जातात, मोड तशीच राहते आणि चांगल्या बायका दुखावतात. वाळवलेला गर बंद डब्यात ठेवणं आणि लागेल तेवढाच बाहेर काढणं हा इलाज आहे.

तक्त्यातले पहिले दोन फाटे वेगळे ठेवायचं कारण तुमच्या लक्षात आलं असेल. 'प्रशिक्षणाची गरज कशी ओळखावी' या प्रश्नाला मॅकगेही आणि थायर यांनी 1961 मध्ये सांगितलेले तीन स्तर लिहितात: संस्थेचं विश्लेषण, कामाचं विश्लेषण आणि व्यक्तीचं विश्लेषण. पावसाळ्यातली मोड संस्थेच्या स्तरावर सापडली. एकटीचीच मोड वाढली असती तर ती व्यक्तीच्या स्तरावर सापडली असती. हे एकच उदाहरण दिलंत तर हे दोन स्तर वेगळे का आहेत ते उत्तरातून दिसतं.

नजीकच्या काळाच्या दोषावर निर्णायक घटना पद्धत उपयोगी पडते. जॉन फ्लॅनगन यांनी ती 1954 साली मांडली. सुपरवायझरने वर्षभर एक वही ठेवायची आणि ठळक घटना त्याच दिवशी लिहायची. 'बोर्म्यातला घाणा कच्चा आहे हे हिने सोलायला घेण्याआधी ओळखलं आणि परत पाठवला' अशी नोंद पाचपैकी चार गुणांपेक्षा कितीतरी जास्त सांगते. या पद्धतीची अडचणही खरी आहे. रोज लिहायला वेळ लागतो, आणि नोंद ठेवणारीला चांगल्यापेक्षा वाईट घटना लवकर दिसतात.

शेवटची चौकट अभिप्रायाची. ती गाळण्याची किंमत सरकारी नोकरीत किती मोठी असते हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या देव दत्त विरुद्ध भारत सरकार या निकालात दिसतं. सीमा रस्ते विभागातल्या या अभियंत्याच्या गोपनीय अहवालात एका वर्षी 'चांगला' असा शेरा होता. शेरा वाईट नव्हता, पण बढतीसाठी 'फार चांगला' लागत होता, आणि तो शेरा त्यांना कळवलाच नव्हता. न्यायालयाने म्हटलं की सरकारी सेवकाच्या अहवालातली प्रत्येक नोंद, फक्त प्रतिकूलच नव्हे, त्याला कळवली पाहिजे, म्हणजे त्याला त्यावर म्हणणं मांडता येईल. हा निकाल सरकारी सेवेबद्दल आहे, खाजगी कारखान्याला तो तसाच लागू होत नाही. पण 'गोपनीय अहवाल पद्धतीचे दोष' या टिपेत याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

नेहमीचे बरेच प्रश्न वर जागच्या जागी आलेच आहेत. तीन प्रश्नांबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं.

'भरती आणि निवड यांतील फरक स्पष्ट करा.' मुलं दोन रकाने आखून अर्थ, उद्देश, स्वरूप अशी रांग लावतात, ते ठीकच आहे. त्यात तक्त्यातला एक मुद्दा जोडा: भरतीतून अर्ज हाती येतात, निवडीतून नेमणूकपत्र. भरतीत कुणाशी करार होत नाही, निवडीच्या शेवटी होतो.

'बढती हा भरतीचा स्रोत आहे. चूक की बरोबर, सकारण सांगा.' बरोबर, आणि तो अंतर्गत स्रोत आहे. पण कारण देताना पुढचं वाक्यही लिहा. सोलणीतली एक बाई सुपरवायझर झाली की सोलणीत एक जागा रिकामी होते, म्हणून अंतर्गत भरतीने जागा भरत नाही, ती खालच्या पातळीवर सरकते. तक्त्यातला चौथा फाटा नियोजनाकडे परत जातो तो यामुळे. शिवाय सगळ्यात वेगाने सोलणारी बाई चांगली सुपरवायझर होईलच असं नाही, कारण त्या कामाचा कार्य तपशील वेगळा आहे: हिशेब ठेवणं, माणसं सांभाळणं, माल कच्चा की पक्का ते पारखणं. चुकीच्या जागी बढती दिली तर कारखाना एक चांगली सोलणारी गमावतो आणि त्याला एक अडचणीतली सुपरवायझर मिळते, हा तक्त्यातला तिसरा फाटा.

'360 अंश मूल्यमापनावर टीप लिहा.' वरिष्ठ, सहकारी, हाताखालचे, ग्राहक आणि स्वतः, अशा सगळ्या बाजूंनी मत घ्यायचं, एवढं सगळे लिहितात. ते कुठे वापरू नये हेही लिहा. सोलणीच्या कामात वजनकाटा आहे, मोड मोजता येते, तिथे पाच जणांची मतं गोळा करणं व्यर्थ आहे. सुपरवायझरच्या कामाचं मात्र असं वजन होत नाही. ती बायकांशी कशी वागते हे मालकापेक्षा बायकांनाच जास्त माहीत असतं, तिथे ही पद्धत उपयोगी पडते. पण लहान गावात आणि 34 जणींच्या कारखान्यात 'नाव न सांगता मत द्या' म्हटलं तरी कुणी काय लिहिलं ते अक्षरावरून आणि शब्दांवरून ओळखू येतं. म्हणून मतं लेखी घेण्याऐवजी बाहेरच्या माणसाने एकेकीशी बोलून एकत्र सारांश द्यावा, आणि त्या निकालावर वेतनवाढ न ठरवता फक्त सुधारणेसाठी तो वापरावा.